राउटरचे फर्मवेअर बदलताना: बटण दाबण्यापूर्वी काय पाहावे आणि नंतर काय तपासावे

प्रश्न: खानापूर तालुक्यात माझे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान आहे. राउटर टीपी-लिंकचा आर्चर सी६, इंटरनेट केबलवाल्याचे. राउटरच्या अ‍ॅडमिन पानावर नवीन फर्मवेअर आल्याचे दिसते. आमच्याकडे वीज कधीही जाते, आणि अपडेट चालू असताना वीज गेली तर राउटर कायमचा जातो असे शेजारी सांगतात. प्रिंटर, कॅमेरे, यूपीआयचा स्पीकर सगळे याच राउटरवर आहे. अपडेट करू का? करायचे तर आधी आणि नंतर काय तपासू?

उत्तर:

अपडेट करावे असे माझे मत आहे, मात्र दुकान बंद करता करता घाईने उरकू नये. बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यातील दुकाने, पतसंस्था आणि दवाखाने यांची नेटवर्क जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेल्यामुळे कायमचे निकामी झालेले राउटर माझ्याकडे क्वचितच येतात. वारंवार दिसते ते वेगळेच असते. फर्मवेअर व्यवस्थित बसलेले असते, राउटर ठणठणीत असतो, पण त्याच्यातील जुन्या सेटिंग पुसल्या गेलेल्या असतात, केबलवाल्याने दिलेला पासवर्ड कोणाकडेही लिहून ठेवलेला नसतो, आणि आरटीसी उताऱ्यासाठी आलेली माणसे दारात ताटकळत असतात. विजेची व्यवस्था पाहायची आहेच, परंतु तुमच्या दुकानाचा खरा धोका सेटिंग हरवण्यात आहे, असे धरून मी पुढचे लिहितो.

अपडेट का करावे, हे थोडक्यात सांगतो. २०२३ मध्ये याच कंपनीच्या आर्चर एएक्स२१ या मॉडेलमध्ये अशी त्रुटी उघड झाली की अ‍ॅडमिन पानावर लॉगिन न करताच राउटरला बाहेरून हवी ती आज्ञा देता येत होती. CVE-2023-1389 या क्रमांकाने ती नोंदली गेली. कंपनीने ती `1.1.4 Build 20230219` या आवृत्तीत दुरुस्त केली, तरीही ज्यांनी अपडेट केले नव्हते त्यांचे राउटर मिराई जातीच्या घातक प्रोग्रामने शोधून काढून ताब्यात घेतले. तुमचे मॉडेल हे नव्हे, पण यावरून आवृत्तीचा आकडा कसा वाचावा ते कळेल. `Build` या शब्दानंतरचे आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. तुमच्या राउटरच्या पानावर दिसणारी तारीख आणि कंपनीच्या संकेतस्थळावरील नव्या फाइलची तारीख यांत काही वर्षांचे अंतर असेल, तर मधल्या काळातील सगळ्या दुरुस्त्या तुमच्याकडे आलेल्या नाहीत. उलट, नव्या आवृत्तीच्या माहितीत केवळ एखादी किरकोळ सोय वाढवल्याचे लिहिले असेल आणि बाहेर वळवाचा पाऊस गडगडत असेल, तर आठवडाभर थांबल्याने काहीही बिघडत नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला पहिला मुद्दा. केबलवाल्याचे इंटरनेट असेल तर बहुधा भिंतीवर एक पांढरा किंवा काळा लहान डबा असतो, ज्यात फायबरची पिवळी किंवा काळी बारीक वायर शिरते आणि ज्याच्यावर `PON` असे लिहिलेला दिवा असतो. हा ओएनटी. तो इंटरनेट देणाऱ्याच्या मालकीचा असतो आणि त्याचे फर्मवेअर तोच आपल्या बाजूने बदलतो, म्हणून त्यात आपण कोणतीही फाइल घालू नये. तुम्ही हात लावायचा तो फक्त स्वतः विकत घेतलेल्या राउटरला. दोन्ही डब्यांना अ‍ॅडमिन पान असते आणि दोन्ही पाने वरवर सारखी वाटतात, त्यामुळे आपण कोणत्या डब्याच्या पानावर आहोत हे आधी ठरवावे. विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढील आज्ञा द्या.

```
tracert -d 8.8.8.8
```

पहिल्या ओळीत येणारा पत्ता तुमच्या राउटरचा असतो, टीपी-लिंकच्या बाबतीत बहुधा `192.168.0.1`. दुसऱ्या ओळीत `192.168.1.1` सारखा पत्ता दिसला तर तो जवळजवळ नक्कीच त्या फायबरच्या डब्याचा असतो. ब्राउझरमध्ये पहिल्या ओळीतील पत्ता उघडा. पानावर दिसणारे मॉडेलचे नाव राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलाशी जुळले, की पुढे जाण्यास हरकत नाही.

लेबलावर मॉडेलच्या नावाशेजारी `Ver` असे लिहून एक आकडा दिलेला असतो. या लहानशा आकड्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. आर्चर सी६ हे एकच नाव असले तरी त्याच्या हार्डवेअर आवृत्त्या निरनिराळ्या आहेत. आवृत्ती २ मध्ये क्वालकॉमची चिप आहे, तर आवृत्ती ३ मध्ये मीडियाटेकची. चिपच वेगळी असल्यामुळे एकीचे फर्मवेअर दुसरीवर चालू शकत नाही. यावर देशानुसार आवृत्त्या वेगळ्या असतात ती गोष्ट निराळीच. फाइल घेताना कंपनीच्या संकेतस्थळावर भारत हा देश निवडून, मॉडेल शोधून, मग लेबलावरची हार्डवेअर आवृत्ती निवडावी. कोणीतरी गटात पाठवलेली किंवा दुसऱ्याच एखाद्या डाउनलोडच्या संकेतस्थळावरील फाइल वापरू नये. चुकीची फाइल दिल्यास राउटर ती बहुतेक वेळा स्वतःच नाकारतो. टीपी-लिंकच्या जुन्या पानांवर तेव्हा 18005 हा क्रमांक असलेली सूचना येते. तशी सूचना आली तर घाबरू नये, काहीही लिहिले गेलेले नसते. पण त्या सूचनेला बगल देऊन फाइल बसवण्याची कोणतीही युक्ती करू नये, कारण तिथे राउटर स्वतःला वाचवीत असतो.

तुमच्या पानावर नवीन आवृत्तीची सूचना आपोआप आलेली असल्यामुळे तुम्हाला फाइल शोधण्याची गरज कदाचित पडणारही नाही. पानावरूनच अपडेट केले तर राउटर स्वतःच्या आवृत्तीला योग्य अशी फाइल स्वतः आणतो, आणि नवख्या माणसासाठी हाच मार्ग चांगला. मात्र हाताने उतरवलेली फाइलही संगणकावर तयार ठेवावी असे मी सुचवेन. राउटर उठलाच नाही तर त्याला पुन्हा जिवंत करण्यासाठी तीच लागते, आणि त्या वेळी इंटरनेट बंद असते. फाइल `.zip` स्वरूपात येते, ती उलगडून आतील `.bin` फाइल बाहेर काढा. उलगडताना त्रुटी दाखवली तर फाइल अर्धवट उतरली आहे असे समजून पुन्हा उतरवून घ्या. त्याच ठिकाणी नव्या आवृत्तीसंबंधी चार-सहा ओळींची माहिती दिलेली असते. तिच्यात तीन गोष्टी पाहायच्या: अपडेटनंतर सेटिंग टिकतात की पुसल्या जातात, आधी एखादी मधली आवृत्ती घालणे आवश्यक आहे का, आणि नंतर जुन्या आवृत्तीवर परत येता येते की नाही. काही अपडेट असे असतात की एकदा पुढे गेल्यावर मागे येण्याचा रस्ता कंपनीने बंद केलेला असतो.

यानंतर सेटिंगची नोंद, ज्यासाठी मी स्वतः सर्वाधिक वेळ ठेवतो. अ‍ॅडमिन पानावर `Advanced` मध्ये `System Tools` खाली `Backup & Restore` असते. तेथून सेटिंगची फाइल संगणकावर उतरवून घ्यावी, पण केवळ तिच्यावर विसंबू नये. ती फाइल उघडून वाचता येत नाही, आणि फर्मवेअर बरेच पुढे गेले असेल तर नवी आवृत्ती जुनी फाइल स्वीकारीलच असे नाही. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या पानाचे मोबाइलने छायाचित्र घ्यावे आणि मोजक्या गोष्टी कागदावरही उतरवाव्यात.

पहिली नोंद इंटरनेटच्या जोडणीची. `Internet` या पानावर जोडणीचा प्रकार दिसतो. केबलवाल्यांकडे तो बहुधा `PPPoE` असतो आणि त्याला वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड लागतो. नाव पानावर दिसते, पासवर्डच्या जागी मात्र केवळ ठिपके दिसतात, आणि नेमका तोच कोणाला ठाऊक नसतो, कारण जोडणी करायला आलेल्या मुलाने तो स्वतःच भरलेला असतो. अपडेटच्या आधी केबलवाल्याला दूरध्वनी करून पासवर्ड लेखी मागून घ्यावा. त्याच वेळी व्हीलॅनचा क्रमांक दिलेला आहे का, हेही विचारावे. तुमच्या राउटरच्या `IPTV/VLAN` पानावर एखादा आकडा भरलेला असेल तर तोही टिपून ठेवावा. पासवर्ड मिळेपर्यंत अपडेटच्या बटणाला हात लावू नये, या बाबतीत मी हट्टी आहे.

दुसरी नोंद मॅक अ‍ॅड्रेसची, आणि ती आपल्या भागातील लहान केबल जोडण्यांमध्ये फार महत्त्वाची आहे. मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे प्रत्येक यंत्राचा जन्मजात क्रमांक. एकच जोडणी दोन घरांत वापरली जाऊ नये म्हणून काही केबलवाले ग्राहकाचे खाते विशिष्ट मॅक अ‍ॅड्रेसशी बांधून ठेवतात. पुढे ग्राहक राउटर बदलतो, तेव्हा नोंद बदलण्याऐवजी त्यांचा माणूस नव्या राउटरमध्येच जुन्या यंत्राचा क्रमांक भरून मोकळा होतो. हे `MAC Clone` या जागी केलेले असते. तुमच्याकडे असे झाले आहे का, हे ओळखणे सोपे आहे. राउटरच्या लेबलावरील मॅक अ‍ॅड्रेस आणि अ‍ॅडमिन पानावर इंटरनेटच्या बाजूला दिसणारा मॅक अ‍ॅड्रेस यांची तुलना करा. फक्त शेवटचा अंक किंवा अक्षर एकाने पुढे-मागे असेल तर ते नैसर्गिक आहे, कारण राउटरच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंना लागोपाठचे क्रमांक दिलेले असतात. पण दोन्ही क्रमांक पूर्णपणे निराळे असतील तर बाहेरचा क्रमांक हाताने भरलेला आहे. तो बाराही अक्षरे-अंकांसह लिहून ठेवा.

तिसरी नोंद दुकानातील यंत्रांची. वाय-फायचे नाव अक्षर न् अक्षर तसेच, लहान-मोठ्या लिपीसह, शिवाय पासवर्ड आणि `Security` समोर दिसणारा प्रकार टिपावा. ही तीन माहिती अपडेटनंतर हुबेहूब परत भरली, तर प्रिंटर आणि यूपीआयचा स्पीकर काहीही न करता आपोआप जोडले जातात. यांतील एक जरी बदलली तरी प्रत्येक यंत्राशी स्वतंत्रपणे झगडावे लागते, आणि पडदा नसलेल्या स्पीकरला नवे वाय-फाय शिकवणे हे कंटाळवाणे काम आहे. याशिवाय `DHCP Server` पानावर `Address Reservation` मध्ये प्रिंटर आणि कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरसाठी राखून ठेवलेले पत्ते, आणि कॅमेरे घरून पाहता यावेत म्हणून कोणी `Port Forwarding` मध्ये काही भरले असेल तर ते, यांची छायाचित्रे घ्यावीत.

विजेकडे वळू. फर्मवेअर बदलते तेव्हा नेमके काय घडते हे कळले की भीतीला योग्य जागा मिळते. आधी पूर्ण फाइल राउटरच्या तात्पुरत्या स्मृतीत येते आणि ती बरोबर आहे की नाही हे तपासले जाते. या टप्प्यात वीज गेली किंवा वाय-फाय तुटले तरी सहसा काही बिघडत नाही, जुने फर्मवेअर जागेवर असते. तपासणीनंतर मात्र राउटर आपल्या कायमच्या स्मृतीतील, म्हणजे अशा राउटरमध्ये साधारणपणे ८ किंवा १६ मेगाबाइट एवढ्याच असलेल्या फ्लॅश चिपमधील, जुना मजकूर एकेक तुकडा पुसून नवा लिहू लागतो. या किमतीच्या राउटरमध्ये फर्मवेअरची दुसरी प्रत ठेवायला बहुधा जागा नसते. म्हणून या एक-दोन मिनिटांत वीज गेली तर जुने पुसलेले आणि नवे अपुरे अशी अवस्था होते. शेजाऱ्यांचे म्हणणे एवढ्याच अवधीपुरते खरे आहे. आणि त्या अवस्थेतही राउटर सुरू करणारा बूटलोडर हा लहानसा प्रोग्राम स्वतंत्र जागी असतो व अपडेट त्याला सहसा हात लावत नाही, त्यामुळे पुष्कळदा वाचवण्याची संधी उरते.

दुकानात इन्व्हर्टर असेल तर काम झाले असे समजू नये. वीज जाताच इन्व्हर्टर बॅटरीवर येतो, पण मधे एक अतिशय छोटा खंड पडतो. संगणकासाठीच्या `UPS` मोडमध्ये तो साधारण १० मिलिसेकंदांचा असतो, दिवे-पंख्यांसाठीच्या मोडमध्ये त्याहून बराच मोठा, आणि तेवढ्याने काही राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतात. तुमचा राउटर त्यांपैकी आहे का, ते आदल्या दिवशी तपासा. राउटर चालू ठेवून इन्व्हर्टरकडे येणारा मुख्य विजेचा स्विच बंद करा आणि राउटरचे दिवे पाहा. दिवे क्षणभर विझून पुन्हा क्रमाने लागू लागले तर तो खंड त्याला सोसत नाही. अशा वेळी मी एक साधा उपाय करतो. अपडेटच्या आधीच इन्व्हर्टरचा मुख्य पुरवठा मुद्दाम बंद करून सगळे बॅटरीवर घेतो आणि अपडेट संपेपर्यंत तो सुरू करीत नाही. त्यामुळे मधे वीज गेली किंवा आली, दोन्ही वेळा अदलाबदलच होत नाही. बॅटरी पुरेशी भरलेली आहे एवढे मात्र पाहून घ्यावे. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा लहान यूपीएस घ्यावा, परंतु तो घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर वाचावेत. ९ आणि १२ व्होल्टची पिन पुष्कळदा एकाच आकाराची असते, आणि पिन बसली म्हणजे व्होल्ट जुळले असे होत नाही.

दिवस निवडताना एक विचार करावा. सर्वांना हे काम रात्री करावेसे वाटते, कारण तेव्हा गिऱ्हाईक नसते. पण रात्री अकराला इंटरनेट आले नाही तर केबलवाल्याचा दूरध्वनी कोण उचलणार? मोठ्या कंपनीची जोडणी असेल तर मदत केंद्रावर आधी कन्नडमध्ये सूचना ऐकत बसावे लागेल आणि माणूस सकाळीच भेटेल. म्हणून दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी दहा-अकराची वेळ मला योग्य वाटते. दुरुस्तीसाठी वीजपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना वृत्तपत्रात आलेली असेल तर तो दिवस टाळावा, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येण्याची चिन्हे असतील तर दुपारही टाळावी.

तर पासवर्ड हाती, छायाचित्रे मोबाइलमध्ये, फाइल संगणकावर आणि राउटर बॅटरीवर, एवढे झाले की पुढचे काम सोपे आहे. लॅपटॉप वाय-फायने न जोडता लॅन केबलने राउटरच्या `LAN` पोर्टला जोडा. वाय-फाय मधेच तुटल्याने राउटर मरतो म्हणून नव्हे, तर अपडेटनंतर वाय-फायचे नाव बदललेले असू शकते आणि काय चालले आहे हे तुम्हाला कळेनासे होते म्हणून. राउटर एकदा बंद करून सुरू करा आणि दोन-तीन मिनिटे थांबा, म्हणजे त्याची स्मृती मोकळी होते. मग दुसऱ्या खिडकीत ही आज्ञा चालू ठेवा.

```
ping -t 192.168.0.1
```

आता `System Tools` मधील `Firmware Upgrade` उघडून अपडेट सुरू करा. पानावरील टक्केवारी दाखवणाऱ्या पट्टीवर माझा फारसा विश्वास नाही, कारण ती बरीचशी अंदाजानेच पुढे सरकते. खरी स्थिती पिंगच्या खिडकीत दिसते. आधी उत्तरे येत राहतात, मग राउटर पुन्हा सुरू होताना ती थांबतात आणि काही वेळाने पुन्हा येऊ लागतात. उत्तरे परत आल्यावरही आणखी दोन मिनिटे थांबावे. पान अडकल्यासारखे वाटले तरी दहा-पंधरा मिनिटांपर्यंत राउटरचा प्लग काढू नये, मागचे रीसेटचे बटण दाबू नये आणि पान पुन्हा पुन्हा ताजे करू नये.

राउटर परत आला की अ‍ॅडमिन पान ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडा. जुन्या पानाचे तुकडे ब्राउझरने साठवलेले असतात, त्यामुळे नेहमीच्या खिडकीत नवे पान मोडके दिसते आणि अपडेट बिघडले असा उगाच समज होतो. पहिली तपासणी आवृत्तीची. `Build` नंतरची तारीख नवी झाली आहे का? जुनीच असेल तर राउटरने फाइल नाकारून नुसता स्वतःला पुन्हा सुरू केलेला असतो.

दुसरी तपासणी इंटरनेटची, आणि येथे एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. निपाणीतील एका दुकानात अपडेटनंतर सेटिंग पुसल्या गेल्या. दुकानदाराने पीपीपीओईचे नाव आणि पासवर्ड बरोबर भरले होते, वाय-फायही पूर्वीच्याच नावाने सुरू होते, पण जोडणी काही होईना आणि पानावर पासवर्ड चुकीचा असल्याची सूचना येत राहिली. केबलवाल्याने पासवर्ड दोनदा बदलून दिला, तरीही तेच. मी अपडेटपूर्वीचे छायाचित्र पाहायला मागितले. त्यात इंटरनेटच्या बाजूचा मॅक अ‍ॅड्रेस लेबलावरच्या क्रमांकाहून पूर्णपणे वेगळा होता. म्हणजे खाते आधीच्या, कधीच टाकून दिलेल्या राउटरच्या क्रमांकाशी बांधलेले होते आणि तो क्रमांक सेटिंगबरोबर पुसला गेला होता. `MAC Clone` मध्ये तो पुन्हा भरताच जोडणी झाली. समोरचा सर्व्हर नाकारताना बहुधा कारण सांगत नाही, आणि राउटर त्या नकाराचा अर्थ पासवर्ड चुकला असा लावतो. असा प्रसंग आला तर क्रमांक भरून काम सुरू करावे, पण केबलवाल्याला खाते नव्या राउटरच्या मूळ क्रमांकाशी जोडायला सांगणे अधिक चांगले, म्हणजे पुढच्या वेळी हा प्रश्न उद्भवणार नाही.

इंटरनेट आले की वाय-फाय पाहावे. नव्या आवृत्तीत `Smart Connect` आपोआप चालू झालेले असू शकते. त्यामुळे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव मिळते आणि फक्त २.४ गिगाहर्ट्झ समजणारे जुने प्रिंटर गोंधळतात. ते बंद करून पूर्वीची दोन नावे द्यावीत. सुरक्षेचा प्रकार केवळ `WPA3` झालेला असेल तर जुना प्रिंटर आणि यूपीआयचा स्पीकर जोडले जाणार नाहीत. तेव्हा `WPA2-PSK` आणि `AES` हे ठेवावे. मग प्रिंटरवर एक पान काढून पाहा, स्पीकरवर एक रुपयाचा व्यवहार करून आवाज येतो का ते ऐका, आणि कॅमेरे मोबाइलवर, तेही मोबाइलचे वाय-फाय बंद करून, दिसतात का ते पाहा. दुकानाच्या वाय-फायवर बसून कॅमेरे दिसले यावरून ते बाहेरूनही दिसतील हे सिद्ध होत नाही.

यानंतरच्या तपासणीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. फर्मवेअर बदलल्याने जुन्या त्रुटी जातात, पण त्या त्रुटीतून आधीच कोणी सेटिंग बदललेली असेल तर ती तशीच राहते, कारण सेटिंग टिकवणे हेच तर अपडेटकडून आपल्याला अपेक्षित असते. म्हणून इंटरनेटच्या पानावर आणि `DHCP Server` च्या पानावर डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या, जागी कोणता पत्ता आहे ते पाहावे. तो रिकामा, आपोआप मिळालेला किंवा तुम्ही स्वतः भरलेला असावा. अनोळखी पत्ता दिसला तर तो केबलवाल्याने दिला आहे का ते विचारा. त्याने नाही म्हटले तर सेटिंगची जुनी फाइल परत चढवू नका, कारण तिच्याबरोबर तो पत्ताही परत येईल. राउटर पूर्णपणे रीसेट करून छायाचित्रांवरून सगळे हाताने भरावे आणि अ‍ॅडमिन पासवर्डही नवा ठेवावा. `Remote Management` सर्वांसाठी बंद असावे. कॅमेरे पाहण्यासाठी त्याची गरज नसते, जरी ते बसवणारा तसे सांगत असला तरी.

उत्तरे आलीच नाहीत तर काय करावे? पंधरा मिनिटांनंतरही पिंगला उत्तर नसेल, तर आधी लॅपटॉपला राउटरकडून पत्ता मिळाला आहे का ते `ipconfig` ने पाहा. `192.168.1.1` सारखे नवेच प्रवेशद्वार दिसले तर राउटरचा पत्ता बदलला आहे आणि तो जिवंत आहे. `169.254` ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटर उत्तर देत नाही. तेव्हा प्लग काढून अर्धा मिनिट थांबा आणि एकदाच पुन्हा लावा. तरीही दिवे ठरावीक वेळाने विझून पुन्हा लागत राहिले, तर बूटलोडर काम करीत आहे पण फर्मवेअर अपुरे आहे असे समजावे. त्या अवस्थेतून बाहेर काढण्याची रीत मॉडेलप्रमाणे आणि हार्डवेअर आवृत्तीप्रमाणे वेगळी असते. काहींना रीसेट दाबून धरून सुरू केल्यावर फाइल देता येते, काहींना लॅपटॉपला ठरावीक पत्ता देऊन विशिष्ट नावाची फाइल पुरवावी लागते. कंपनीच्या मदत पानावर तुमच्या आवृत्तीची रीत असेल तरच ती करावी, अन्यथा बिल घेऊन सेवा केंद्रात जावे. एखादा साधा जुना राउटर कपाटात असेल तर त्यात पीपीपीओईचा पासवर्ड भरून दुकान चालू ठेवता येते. मात्र मॅक अ‍ॅड्रेसची अट त्यालाही लागू असते, हे ध्यानात असू द्यावे.

सगळे सुरळीत झाले तर एक-दोन दिवस राउटर मधेच बंद-सुरू होत नाही ना, यावर लक्ष ठेवा, आणि मग नव्या आवृत्तीवरील सेटिंगची फाइल पुन्हा उतरवून घ्या. तिच्या नावात मॉडेल, हार्डवेअर आवृत्ती आणि `Build` ची तारीख घाला, कारण ही फाइल त्याच आवृत्तीवर खात्रीने चालते. आपोआप अपडेट होण्याची सोय मी घरी चालू ठेवायला सांगतो. तुमच्या दुकानात मात्र ती बंद ठेवून महिन्यातून एकदा अ‍ॅडमिन पान पाहावे, कारण आपोआप होणारे अपडेट पहाटेच्या वेळी चालते, आणि इन्व्हर्टर मुद्दाम बॅटरीवर घेण्यासाठी त्या वेळी दुकानात कोणी नसते.